पोळ्याला घरी जाताना: पुणे ते दारव्हा, रात्रीची एसटी आणि तिघांची सीट

पहिला दिवस, संध्याकाळ ते मध्यरात्र

पोळ्याला गावी जायचं हे मी आषाढातच ठरवलं होतं. बाबा गेल्यानंतरचा पहिला पोळा, आई एकटी, आणि दादाचा फोन दर आठवड्याला येतच होता, त्याला कारण वेगळं होतं, ते पुढे येईल. रिझर्व्हेशन मिळालं, वाकडेवाडीहून संध्याकाळची यवतमाळ गाडी, साधी लालपरी, तीनच्या सीटवर खिडकी. घरच्यांचं म्हणणं स्लीपर ट्रॅव्हल्सने जा, झोप तरी होईल. पण एसटीत बायकांना अर्धं तिकीट लागतं (मार्च २०२३ पासून) आणि मला दारव्ह्याच्या स्टँडवरच उतरायचं होतं. आणखी एक कारण म्हणजे स्लीपरचा पडदा ओढला की शेजारी कोण आहे ते सकाळपर्यंत कळत नाही, मला ते आवडत नाही.

मध्ये एक काका बसले. साठी ओलांडलेले, पांढरा सदरा, डोक्याला दुपट्टा, मांडीवर नायलॉनची पिशवी. कडेला सत्तावीस-अठ्ठावीसचा मुलगा, पाठीवर कंपनीच्या नावाची बॅग, कानात हेडफोन. कंडक्टर मशीन घेऊन आला तेव्हा काकांनी आधार कार्ड दाखवून ज्येष्ठांचं अर्धं काढलं, माझंही अर्धं, आणि तो मुलगा म्हणाला, "म्हणजे या सीटवर फुल तिकीटवाला मी एकलाच का?" काका हसले, तिथून बोलणं सुरू झालं.

नगरपर्यंत ते बोलणं सगळं वरवरचं. कुठलं गाव, पाऊस कसा, कपाशी किती लावली. काकांचं गाव कारंज्याजवळ, मुलगा दिग्रसकडचा, मी दारव्हा तालुक्यातली. काका वाघोलीत एका बिल्डिंगवर वॉचमन आहेत, बारा तासांची ड्युटी. मुलगा चाकणला. पोळ्याला चाललो हे तिघांचंही उत्तर, आणि त्यावर पुढे कोणी काही विचारलं नाही.

इथे एक सांगून ठेवते. या रूटला रात्रीचं जेवण घरून न्या. गाडी थांबते त्या ढाब्यावर पोळ्याच्या गर्दीत रांग लागते आणि पंधरा मिनिटांत जेवणं होत नाही. मी पोळी, ठेचा आणि कोरडं बेसन नेलं होतं, तिघांना पुरलं. ठेचा खाऊन काका म्हणाले, "पुण्याच्या पाण्यानं तुझी मिरची नाई बिघडली, बरं हाय." शाल किंवा जाड ओढणी हवीच, कारण श्रावणात खिडकीची काच कितीही ओढली तरी पावसाचा शिडकावा आत येतो.

संभाजीनगर गेलं, जालना गेलं. सिंदखेडराजाला रात्री एकच्या सुमारास गाडी चहाला थांबली. लखुजीराव जाधवांच्या राजवाड्याचा दरवाजा रस्त्यापासून जवळच आहे, अंधारात त्याची नुसती उंची कळते. हा जुना नागपूर रस्ता. समृद्धी सुरू झाल्यापासून लांबच्या गाड्या तिकडून जातात, त्यामुळे इथे रात्रभर जी वर्दळ असायची ती पुष्कळ कमी झालीये, चहावाल्यानेही तेच सांगितलं. आमची गाडी मात्र गावागावाचे स्टँड घेत जाते म्हणून याच रस्त्याने.

मेहकरच्या पुढे

मेहकर सोडलं तेव्हा पाऊस असा होता की ड्रायव्हरचे वायपर चालूनही समोरचं दिसत नव्हतं. डोणगावच्या अलीकडे गाडी थांबली. पुढे ट्रकची रांग, एका नाल्याचं पाणी रस्त्यावरून चाललेलं. ड्रायव्हर उतरून बॅटरी घेऊन गेला आणि परत येऊन म्हणाला, पाणी उतरल्याशिवाय मी गाडी टाकणार नाही, ज्याला घाई असेल त्याने झोप काढावी. त्याने इंजिन बंद केलं, दिवे बंद केले. ड्रायव्हरचं बरोबरच होतं. अशा वेळी त्याच्या मागे लागू नका, पाण्याखाली रस्ता किती खचला ते वरून दिसत नाही.

इंजिन बंद झालं की पत्र्यावरचा पाऊस ऐकू येतो आणि माणसं आपोआप हळू बोलायला लागतात. मागे एक बाळ रडत होतं, तेही झोपलं. मुलाच्या मोबाईलची बॅटरी संपली तसे हेडफोन निघाले. मी सहज म्हटलं, काका, उद्या खांदेमळणी, वेळेत पोचाल ना? बैलांना आवतन द्यायला?

(ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैल धुऊन आणतात, जू ठेवून ज्या जागेला घट्टे पडतात तो खांदा तूप-हळदीने चोळतात आणि बैलाच्या कानाशी म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.)

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "बैलच नाई ना बाई. इकले."

मी काय बोलणार. तो मुलगा म्हणाला, "केव्हा?"

"उन्हाळ्यात. वैशाखात."

मग ते सांगत गेले, मध्ये थांबत, आणि मी ते जमेल तसं लिहितेय. जोडी गवळाऊ जातीची, आर्वीकडून आणलेली, पांढरी, हलक्या अंगाची, चालायला चपळ. तीन वर्षांपूर्वी एक लाख पाच हजाराला घेतली होती. शेत पाच एकर, कपाशी आणि तुरीच्या ओळी. मागच्या खरिपात डवरणी, म्हणजे ओळींमधलं तण काढायची बैलांची कोळपणी, चालू असताना उजव्या बैलाचा खांदा आला. म्हणजे जू घासून घासून आधी सूज येते, हात लावला की गरम लागतं, बैल मान चोरतो, जू उचललं की मागे सरतो. काका म्हणाले तेव्हाच सोडायला पाहिजे होतं, आठ-पंधरा दिवस जू नाही ठेवलं तर बसतं ते. पण पावसाने उघाड दिलेली, तण वर आलेलं, कपाशीत डवरा त्याच आठवड्यात फिरायला पाहिजे, नाही तर निंदणाला बाया लावा, आणि बायांची मजुरी कुठून आणणार. त्यांनी जुवाला गोणपाट गुंडाळून आणखी पाच दिवस हाणला. खांदा पिकला. डॉक्टरने चिरा दिला, पू काढला, औषध लावलं. जखम भरली पण तिथे गाठ राहिली, आणि गाठीवर जू टेकलं की पुन्हा तेच.

"एक बैल बसला का जोडी गेलीच समज," काका म्हणाले. "दुसऱ्याले एकल्याले का कराचं? त्याच्या जोडीचा भेटत नाई, उंचीचा, चालीचा. भाड्याची जोडी बलावली त एका दिवसाचे दोन हजार, अन् तेही त्याचं वावर झाल्यावर येते. तोवर आपली वाफसा जाते."

पोरगा त्यांचा अमरावतीला एका दुकानात. तो म्हणायचा, बाबा इकून टाका, पेरणी ट्रॅक्टरने होते. पेरणी होते हो, मुलगा मध्येच बोलला, पण कपाशी कमरेएवढी झाली की ट्रॅक्टर आत जातो कुठे, डवरणीला बैलच लागतात. काकांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. वावरातलं माणूस वावरातल्या माणसाला असं ओळखतं.

मग बाजार. व्यापाऱ्याने दात पाहिले, शेपटी ओढून पाहिली, खांद्यावर हात फिरवला आणि गाठीवर थांबला. भाव तोंडाने बोलत नाहीत, दुपट्ट्याखाली हातात हात घेऊन बोटं दाबतात, किती बोटं आणि कुठलं पेर त्यावरून हजार कळतात, बाजूच्याला काही कळत नाही. त्या दुपट्ट्याखाली अडुसष्ट हजारांवर सौदा ठरला. काकांनी सत्तर मागितले, त्याने बोट सोडलंच नाही.

"घरी मी सांगतलं कास्तकाराले देली. मानोऱ्याकडचा हाय, चांगला माणूस हाय, वावरात वागवील असं. माह्या बायकोनं त्याईच्या गळ्यातल्या घंट्या सोडल्या नाई, म्हने नेऊ दे त्याईले तशाच, नवा मालक काढील."

त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. बाजार समितीची पावती. मी मोबाईलचा टॉर्च धरला, मुलाने वाचली. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, रंग पांढरा, शिंगं, दात जुळलेले, किंमत. घेणाऱ्याच्या रकान्यात व्यापाऱ्याचं नाव होतं.

"मानोऱ्याचा नाई तो. तो कास्तकारच नाई. वैशाखापासून हा कागद संग हाय. ड्युटीवर रात्री काढून पाह्यतो. कुठं नेले असतीन, मले ठाव नाई." मग म्हणाले, "आवतनाच्या रोजी घरात का तोंड घेऊन जाऊ, सांग."

राज्यात २०१५ पासून बैल कापायला बंदी आहे हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते माहीत होतं. म्हणाले, बंदी आली तसा काम न होणाऱ्या बैलाला गिऱ्हाईकच राहिलं नाही, म्हणून तर भाव पडला, आणि तरी तो व्यापारी घेतच होता, मग तो कुठे नेत असेल ते तूच सांग. माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही.

पाणी उतरेपर्यंत

त्यानंतर मुलगा बोलला, न विचारता. चाकणला तो कायम नाही, कंत्राटावर आहे. सात महिने झाले की ब्रेक देतात, कार्ड जमा करून घेतात, मग महिना-दोन महिन्यांनी पुन्हा बोलावलं तर बोलावलं, नाही तर दुसऱ्या कंत्राटदाराकडे रांग. अशी तीन वर्षं चाललीत. ब्रेक याच आठवड्यात झाला. घरी सगळ्यांना वाटतं पर्मनंट आहे, कारण तसं सांगून एक स्थळ पाहिलंय, मुलीकडच्यांनी शेतीवाला नको म्हणून आधीच अट घातलेली. "परवा पोळ्याले ते लोक घरी येऊन राह्यले. सॅलरी स्लिप दाखवा म्हनतीन त काय दाखवू?"

काका म्हणाले, पोरीले तू स्वतः सांग, तिच्या बापाले नको. बाप नाही म्हणेल, पोरगी एखादे वेळी इचार करीन. आणि नाही म्हणाली तर आजच म्हणू दे. मला तो सल्ला फार नीट वाटला.

आणि मग मीही सांगितलं. दादाचे फोन हक्कसोडीसाठी येत होते. बाबा गेल्यावर वारस नोंद झाली, सातबारावर आईचं, दादाचं आणि माझं नाव लागलं. आता दादाला मी दुय्यम निबंधकाकडे जाऊन हक्कसोड पत्र करून द्यावं असं वाटतं. मुलगी सही करते अशी रीतच आहे आमच्याकडे, कोणी भांडून घेत नाही, माहेर तुटेल म्हणून. एकदा नोंदणी झाली की फेरफार होऊन नाव उडतं आणि मागाहून मन बदललं तर कोर्टाशिवाय काही होत नाही. कायद्याने २००५ पासून देशभर मुलीचा वाटा मुलाएवढाच आहे, आपल्या राज्यात तर त्याच्याही आधीपासून. पण मला कायद्यासाठी नको होतं ते. त्या सातबारावर बाबांच्या खाली माझं नाव आहे, ते मला हवंय. हे मी नवऱ्यालाही बोलले नव्हते. त्या बसमध्ये, ज्यांची नावंही तोवर मला माहीत नव्हती त्या दोघांना सांगितलं.

काका म्हणाले, "माह्या पोरीनं सही केली. मीच न्यायले गेलतो तिले तालुक्याले. तिनं एक शब्द नाई काढला. आता वाटते, विचारायले पाह्यजे होतं."

साडेपाचच्या आसपास पुढचे ट्रक हलले. ड्रायव्हर पुन्हा उतरून पाहून आला आणि गाडी अगदी हळू नाल्यातून काढली, पाणी चाकाच्या निम्म्यालाही नव्हतं. मालेगावपर्यंत तिघेही झोपलो.

दुसरा दिवस, खांदेमळणी

शेलूबाजारपासून उजाडलं. दोन्ही बाजूंनी कपाशी पात्या-फुलांवर आलेली, सोयाबीन शेंगांवर, काही वावरांत पाणी साचून पानं पिवळी पडलेली. कारंज्याच्या स्टँडवर काका उतरले. कारंजा नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, त्यामुळे गुरुमंदिरामुळे गाव पहाटेच जागं असतं आणि स्टँडबाहेर गरम आलूबोंडा मिळतो, वेळ असेल तर उतरून खा. काकांनी आमचे दोघांचे नंबर कागदावर लिहून घेतले, कागद म्हणजे तीच पावती, मागची बाजू. म्हणाले, "तान्ह्या पोळ्याले ये बाई माह्या गावाले. लेकरू असंन त घेऊन ये." मुलगा दारव्ह्यापर्यंत माझ्यासोबत, तिथून त्याने दिग्रसची गाडी धरली.

टिप म्हणून सांगते, दारव्ह्याहून आतल्या गावांना पोळ्याच्या दोन दिवसांत काळीपिवळी भरून जाते आणि एसटीच्या फेऱ्या मोजक्या. घरून कोणाला तरी गाडी घेऊन बोलवा. मला घ्यायला दादाच आला होता.

संध्याकाळी आमच्या बैलांची खांदेमळणी झाली. आईने तुपाची वाटी माझ्या हातात दिली, नेहमी बाबा करायचे. खांद्यावरची कातडी चपलेच्या तळव्यासारखी टणक लागते, केस उडालेले असतात, आणि चोळायला लागलं की बैल मान खाली घालतो, आवडतं त्याला. मी दोन्ही बैलांचे खांदे नीट दाबून पाहिले, सूज नाही, ऊन लागत नाही. दादा म्हणाला, काय तपासतेस गं एवढं?

मी तिथेच गोठ्यात त्याला सांगितलं की सही आत्ता करणार नाही. तो काही बोलला नाही, दाव्याची गाठ सोडून पुन्हा मारत राहिला.

तिसरा दिवस, पोळा

पाऊस दुपारपर्यंत होता, मग उघडला. पुरणपोळी, कढी, भजे, आणि बैलांना आधी घास. दादाने शिंगं रंगवली, वहिनीने मठाट्या बांधल्या, चारच्या सुमारास सगळ्या जोड्या मारुतीच्या पाराजवळ तोरणाखाली उभ्या. जोड्या पूर्वीच्या निम्म्या असतील. घराघरात ट्रॅक्टर धुऊन, हार घालून उभे होते, पण तोरणाखाली कोणी आणले नाहीत. अमावस्या असल्यामुळे पोळा सुटल्यावर निम्मी माणसं फवारणीचं बोलत होती, पोळ्याच्या अंधाऱ्या रात्री पतंग अंडी घालतात असा इकडचा अनुभव, म्हणून दोन दिवसांत निंबोळी अर्क मारायचा.

रात्री दादा फक्त एवढंच म्हणाला, "वावर तू पुण्यातून कसं पाहशील?" मी म्हटलं, तूच पाहा, तूच पिकव, नाव राहू दे. त्यावर बोलणं झालं, थोडं चढलंही, आईने थांबवलं. अजून चालू आहे.

चौथा दिवस, तान्हा पोळा

दादाची मोटारसायकल आणि पुतणी घेऊन मी काकांच्या गावी गेले. लाकडी नंदी दोरीने ओढत पोरं दारोदार फिरत होती, बोजाऱ्याचे पैसे गोळा करत. पुतणीला पहिल्याच गल्लीत तीन घरांतून दहा-दहा रुपये मिळाले, परक्या गावची म्हणून जरा जास्तच लाड झाले तिचे.

काका घरासमोर बाजेवर होते. काकूंनी चहा केला, सोबत कालची पुरणपोळी तुपावर गरम करून. काकूंच्या समोरच काका म्हणाले, सांगतलं मी हिले, आवतनाच्या रात्रीच. काकूंनी मला विचारलं, "तुम्हीच का पावती वाचली?" मी सांगितलं, सोबतच्या मुलाने वाचली. त्या म्हणाल्या की त्या रात्री जेवल्या नाहीत, बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र शेजाऱ्याच्या जोडीला ओवाळायला गेल्या, आणि काकांना तोरणाखाली पाठवलं, कारण गावात एवढ्या झडत्या, म्हणजे पोळ्यात तोरणाखाली म्हणायची कवनं, पाठ असलेला दुसरा माणूस नाही. बैल नसताना ते तिथे उभे राहिले आणि झडत्या म्हटल्या, आणि अख्ख्या गावाने हर बोला हर हर महादेव म्हटलं. हे सांगताना काकूंचा आवाज जड झाला. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मला ते खरं वाटलं.

गोठ्यात एक गोऱ्हा आहे, घरच्याच गाईचा, दीड वर्षाचा. काका तो दाखवायला घेऊन गेले. अजून वर्ष-दीड वर्ष त्याला जू लावायचं नाही, वेसण पुढच्या उन्हाळ्यात, मग आधी नुसतं रिकामं जू मानेवर सवयीला, मग हलकं ओझं. आणि खांदा रोज हाताने पाहायचा, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. पण एकटा गोऱ्हा काय कामाचा, त्याच्या जोडीचा हवा.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला, तो मुलगा होता. स्पीकरवर टाकला. त्याने मुलीला फोन करून सगळं सांगितलं होतं, ती म्हणाली विचार करून सांगते, पाहुणे पोळ्याला आले नाहीत. आणि दुसरं म्हणजे त्याच्या मामाकडे एक पांढरा गोऱ्हा आहे, साधारण त्याच वयाचा, मामा अठरा हजार म्हणतोय. काकांनी विचारलं, उंची किती, कमरेच्या वर का खाली? चालताना मागचा पाय कुठं पडते? मुलाने सांगितलं ते त्यांना पटलं नसावं, म्हणाले, फोनवर नाही होत हे, सोमवारी मीच येतो दिग्रसले, ड्युटीवर दोन दिवस उशिरा गेलो त का होते.